शंभराचं एक पॅकेट जास्त

५ मार्च २०१९, मंगळवार. आदल्या दिवशी महाशिवरात्रीची सुट्टी आणि त्याआधी रविवार, म्हणजे बँक सलग दोन दिवस बंद होती. त्यात महिन्याची सुरुवात, पेन्शनचे दिवस, आणि आमच्या भागात उसाची बिलं जमा व्हायची वेळ. सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातली आमची शाखा. शटर वर जायच्या आधीच पायऱ्यांवर रांग लागलेली होती. त्या दिवशी मी एकटीच कॅशवर होते.

संध्याकाळी पावणेसहाला मी केबिनमध्ये बसून तिसऱ्यांदा तोच हिशेब करत होते. सकाळी स्ट्राँगरूममधून घेतलेले सहा लाख. दिवसभरात जमा ११,३७,४५०. दिलेले १४,८२,३००. हातात उरायला हवे होते २,५५,१५०. ड्रॉवरमध्ये होते २,१५,१५०.

चाळीस हजार कमी.

कॅशवर बसणाऱ्या माणसाला कमी-जास्तीची सवय असते. दहा-वीस रुपये कमी येतात, आपण खिशातून टाकतो, कोणाला सांगतही नाही. पाचशे कमी आले की जरा चुटपुट लागते. पण चाळीस हजार हा आकडा वाचला तेव्हा मला आधी काहीच वाटलं नाही. फक्त हातांची बोटं गार पडली आणि कानात एक बारीक आवाज सुरू झाला. बाहेर शिपाई कपाटं लावत होता, त्याच्या किल्ल्यांचा आवाज फार लांबून येत होता.

पुढची दहा मिनिटं कशी गेली ते मला आजही नीट आठवतं, आणि हा लेख खरं तर त्या दहा मिनिटांसाठीच लिहिते आहे.

त्या दहा मिनिटांत माझ्या डोक्यात एक विचार आला. आला म्हणण्यापेक्षा, तो तिथे आधीच बसलेला होता. संध्याकाळी रोकड स्ट्राँगरूममध्ये ठेवताना दोन किल्ल्या लागतात, एक कॅशियरची आणि एक ऑफिसरची. रोकड दोघांनी मिळून तपासायची असते. पण सुट्ट्यांनंतरच्या अशा थकलेल्या संध्याकाळी ऑफिसर पॅकेटं मोजतात, पॅकेटातल्या नोटा सहसा मोजत नाहीत. मी आज क्लोजिंग पूर्ण दाखवलं असतं आणि काही पॅकेटांतून थोड्या थोड्या नोटा काढून पॅकेटांची संख्या पुरी केली असती, तर आजची रात्र निघाली असती. उद्या पैसे सापडतील. उद्या कोणी आणून देईल. नाहीच आले तर गुरुवारी रिकरिंग मोडून मी गुपचूप भरीन. कोणाचं काहीच जाणार नाही, आणि मला कोणाकडे बघून 'माझ्याकडून चूक झाली' असं म्हणावं लागणार नाही.

मला पैसे नको होते. एक रुपयाही नको होता. मला फक्त ते वाक्य म्हणायचं नव्हतं. आणि ते वाक्य टाळण्यासाठी मी जे करायला निघाले होते त्याला कायद्याच्या भाषेत खोटी नोंद म्हणतात. बँकेत अपहाराच्या ज्या गोष्टी आम्ही ट्रेनिंगमध्ये ऐकतो, त्यांतल्या काही लोभाने सुरू झालेल्या असतात. काही मात्र अशाच एखाद्या संध्याकाळी, एका प्रामाणिक चुकीच्या लाजेने सुरू झालेल्या असणार, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. त्याआधी मला वाटायचं की ती माणसं माझ्यापेक्षा वेगळ्या मातीची असतात.

मी उठले कशी, ते माहीत नाही. धैर्य वगैरे नव्हतं. मला मळमळत होतं आणि केबिनमध्ये बसवत नव्हतं. बाहेर येऊन हेड कॅशियर काकांच्या टेबलापाशी उभी राहिले आणि म्हणाले, "काका, चाळीस शॉर्ट आहे."

त्यांनी चष्मा काढला. "चाळीस काय? रुपये?"

"हजार."

निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस. त्यांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं, खुर्ची मागे सारली आणि म्हणाले, "कोणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच."

"चल, आधी साहेबांना सांगू. मग शोधू. शोधून मग सांगायचं नसतं."

हे वाक्य त्यांनी चालता चालता, शर्टाच्या बाह्या दुमडत म्हटलं. त्यातला क्रम किती महत्त्वाचा आहे हे मला नंतर समजलं. आपण आधी शोधायला लागलो की प्रत्येक पाच मिनिटांनी वाटतं, आता सापडेल, मग सांगायची गरजच राहणार नाही. त्या आशेवर तास जातात. आणि तासाभराने सांगताना 'तेव्हाच का नाही सांगितलं' या प्रश्नाचं उत्तरही जोडावं लागतं.

मॅनेजर साहेब चिडले नाहीत. ते पांढरे पडले. शाखेचं उत्तर त्यांनाही द्यायचं होतं. त्यांनी डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करणं, थांबवलं आणि आम्ही तिघे केबिनच्या फरशीवर सगळी व्हाउचर्स पसरून बसलो.

तूट शोधायची एक पद्धत असते. ती काकांनी मला त्या संध्याकाळी शिकवली, कारण पुस्तकातून ती मी शिकले होते पण हाताला आली नव्हती. आधी आकड्याकडे बघायचं. चाळीस हजाराचंच एखादं व्हाउचर नोंदवायचं राहिलंय का? नव्हतं. मग निम्म्याकडे बघायचं. कोणाला वीस हजार दिले आणि चुकून भरणा म्हणून नोंदवले, तर फरक दुप्पट येतो. वीस हजाराच्या तीन स्लिपा होत्या, तिन्ही बरोबर रकान्यात. मग फरकाला नऊने भाग जातो का बघायचं. जात असेल तर कुठेतरी आकडे उलटे पडलेले असू शकतात, ५४ चे ४५ झालेले. चाळीस हजाराला नऊने भाग जात नाही.

"मग पॅकेट," काका म्हणाले.

पॅकेट म्हणजे शंभर नोटांची गड्डी, कागदी पट्टी बांधलेली. पाचशेचं पॅकेट पन्नास हजारांचं, शंभराचं दहा हजारांचं. एकाच्या जागी दुसरं गेलं की फरक बरोबर चाळीस हजार. काकांनी मला सांगितलं, आता एकूण रक्कम विसर आणि नोटांच्या प्रकारांनुसार मोज. सकाळी पाचशेच्या किती होत्या, दिवसभर स्लिपांच्या मागे लिहिल्याप्रमाणे किती आल्या, किती गेल्या, आता किती हव्यात. तसंच शंभराचं.

पाऊण तास लागला. शेवटी कागदावर दोन ओळी उरल्या. पाचशेच्या नोटा शंभराने कमी. शंभराच्या नोटा शंभराने जास्त.

माझ्या ड्रॉवरमध्ये शंभराचं एक पॅकेट जास्त होतं. जे कोणाला तरी जायला हवं होतं आणि गेलं नव्हतं. त्याच्या जागी पाचशेचं गेलं होतं.

काकांनी ते पॅकेट उचलून साहेबांच्या समोर ठेवलं. "साहेब, हे बघा. पैसे घेतले असते तर हे उरलं नसतं. घेणारा माणूस पाचशेचं उचलतो, पण शंभराचं जास्तीचं पॅकेट आणून ठेवत नाही."

मी तोवर रडले नव्हते. तेव्हा रडले. गेल्या दीड तासात माझ्या मनात जी खरी भीती होती ती पैशांची नव्हतीच. बाहेर बसलेल्या आठ जणांपैकी एखाद्याला, नुसतं क्षणभर, वाटेल की हिनेच घेतले असतील, ही भीती होती. आणि मी ती कोणापाशी बोलू शकत नव्हते, कारण 'मी चोरले नाहीत हो' असं न विचारता म्हणणं हेच संशयासारखं ऐकू येतं. काकांनी मी न विचारता त्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तेही माझ्या स्वभावाची ग्वाही देऊन नाही, तर टेबलावर ठेवता येईल अशा दहा हजारांच्या गड्डीने.

चूक कशी झाली हेही तेव्हाच दिसलं. आमच्याकडचं नोटा मोजायचं मशीन फक्त पानं मोजायचं. नोट कितीची आहे हे त्याला कळत नव्हतं. पॅकेट घातलं, फर्र आवाज झाला, पडद्यावर १०० आलं, की माझ्या डोक्यात 'बरोबर' अशी खूण व्हायची. त्या दिवशीही १०० च आलं असणार. आकडा खरा होता. मी चुकीची गोष्ट बरोबर मोजली होती.

शंभराची पॅकेटं त्या दिवशी दोनच जणांना गेली होती. एक निवृत्त गुरुजी, घराचं बांधकाम चाललेलं. १,२०,००० घेऊन गेले होते. फोन केल्यावर अर्ध्या तासात पिशवी तशीच घेऊन आले आणि आमच्यासमोर टेबलावर रिकामी केली. बरोबर होते. जाताना मला म्हणाले, "सापडतील बाई, नका काळजी करू," आणि मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

दुसरे एका बेदाणा व्यापाऱ्याकडचे दिवाणजी. ९०,००० काढलेले. स्लिपेच्या मागे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, पाचशेचं एक पॅकेट आणि शंभराची चार. त्यांनी फोनवर सांगितलं, पैसे बरोबर होते, मजुरांना दुपारीच वाटून टाकले. सीसीटीव्ही बघितला. वेळ दिसत होती, माझे हात दिसत होते, पाच पॅकेटं काचेखालून जाताना दिसत होती. पण वरून काढलेल्या त्या चित्रात नोटांचा रंग दिसत नव्हता, पट्टीच तेवढी पांढरी दिसत होती. आम्ही ते सात-आठ वेळा पाहिलं. जेवढं मोठं करावं तेवढं ते पुसट होत गेलं.

चुकून दिलेले पैसे घेणाऱ्याने परत करायला हवेत, असं आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या ७२व्या कलमात आहे. पण त्यासाठी 'यालाच दिले' हे दाखवता आलं पाहिजे. गुरुजींचे बरोबर आले म्हणजे उरलेले यांच्याकडेच गेले असतील, हा आमचा अंदाज होता. पण दिवसभरात सुट्ट्या नोटांचे इतके व्यवहार झाले होते, स्लिपेच्या मागे लिहिलेले प्रकार कुठे दोन-चार नोटांनी बदललेलेही असू शकत होते, की साहेब म्हणाले, अंदाजावर मी खातेदाराला चोर म्हणणार नाही. मला त्या वेळी त्यांचा राग आला. आज वाटतं, मलाही कोणी अंदाजावर चोर म्हटलं नव्हतं, ते याच माणसामुळे.

आमच्याकडची रीत अशी की कॅशमधली तूट कॅशियरने भरायची, आणि शक्यतो त्याच दिवशी. माझ्या खात्यात पगाराचे पंचवीस हजार होते, ते काढले. पंधरा काकांनी स्वतःच्या खात्यातून काढून दिले. दर महिना तीन हजार, पाच महिने, असं आम्ही जागेवरच ठरवलं. रात्री पावणेनऊला कॅश टॅली झाली आणि शाखा बंद झाली.

त्या रात्री मी झोपले नाही. आणि झोप येत नाही म्हणून मी जे करायला नको ते केलं, मोबाइलवर नियम वाचत बसले. रिझर्व्ह बँकेच्या घोटाळ्यांविषयीच्या २०१६ च्या निर्देशांत रोख तुटीवर एक छोटा परिच्छेद होता. हेतू वाईट असल्याचा संशय नसला तरी दहा हजारांवरची तूट घोटाळा म्हणून कळवायची. घोटाळा. 'फ्रॉड' हा शब्द पडद्यावर बघून माझ्या पोटात खड्डा पडला. पुढे लिहिलं होतं की तूट रोख हाताळणाऱ्याने स्वतः कळवलेली नसेल आणि ती वरिष्ठांना, ऑडिटरला किंवा तपासणी अधिकाऱ्याला सापडली असेल, तर मर्यादा दहाची पाच हजार होते.

माझा आकडा दोन्ही मर्यादांच्या कितीतरी वर होता, त्यामुळे या फरकाने माझं काही वाचणार नव्हतं. तरी मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. इतक्या कोरड्या भाषेत, कलमं-उपकलमं मांडत, कोणीतरी दिल्ली-मुंबईत बसून लिहिलेल्या नियमालाही एवढं ठाऊक होतं की सांगितलेली तूट आणि सापडलेली तूट सारखी नसते. मी दहा मिनिटं उशिरा का होईना, पण सांगितलेल्या बाजूला होते. पहाटे साडेतीनला मला धरून ठेवायला तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी खुलासा लिहायचा होता. मी घरून लिहून नेला होता, फुलस्केपची दोन पानं. 'माझ्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे', 'बँकेच्या विश्वासास मी पात्र ठरले नाही', 'मी अत्यंत लज्जित आहे'. साहेबांनी वाचला आणि परत दिला. म्हणाले, "यात काय झालं ते कुठंच नाही. रीजनल ऑफिसला तुमची लाज नको, माहिती हवी. किती वाजता, कुठलं व्हाउचर, किती पॅकेटं, कधी लक्षात आलं, कोणाला सांगितलं, कधी भरले. विशेषणं काढा."

मी तिथेच बसून पुन्हा लिहिला. 'दि. ५ मार्च २०१९ रोजी रोख काउंटरवर मी एकटी होते. सायंकाळी ५.४५ वाजता रोख मोजताना रु. ४०,००० ची तूट आढळली. सुमारे ५.५५ वाजता मी हेड कॅशियर व शाखाधिकारी यांना कळवले. नोटांच्या प्रकारानुसार तपासणी केली असता रु. ५०० च्या १०० नोटा कमी व रु. १०० च्या १०० नोटा जास्त आढळल्या.' अकरा ओळींत संपलं. ५.४५ आणि ५.५५ यांच्यामध्ये काय झालं होतं ते मला एकटीला माहीत होतं, पण त्या वेळा मी खऱ्याच लिहिल्या.

पहिल्या खुलाशातली बाई आणि दुसऱ्या खुलाशातली बाई वेगळी होती. पहिली वाचून मला ती आवडत नव्हती, तिची कीवही येत नव्हती. दुसऱ्या कागदावर एक दमलेली कॅशियर होती जिने पॅकेट चुकीचं उचललं. मी त्याची झेरॉक्स काढून घरी ठेवली. पुढच्या महिन्यांत मन पुन्हा विशेषणं जोडायला लागलं की ती काढून वाचायचे.

ते लागायचंच. मेमो येईल, बदली होईल, निलंबन होईल, अशी भीती मला दीड महिना होती आणि एप्रिलमध्ये लेखी ताकीद आली तेव्हा ती एका दिवसात गेली. वाईटात वाईट काय ते कळलं, वाचलं, सही करून घेतलं, संपलं. लाजेला असा कागद येत नाही. कोणी दोघं चहाला बोलत उभी असली की माझंच चाललंय असं वाटायचं. नवऱ्याला मी अकरा दिवस सांगितलं नाही. तो रागावेल म्हणून नव्हे, तो रागावणार नाही हे मला माहीत होतं, आणि त्याचं समजून घेणंही मला सहन होणार नव्हतं.

आणि काउंटरवर मी तीनदा मोजायला लागले. मशीनवर एकदा, हाताने एकदा, पुन्हा मशीनवर. रांग वाढायची. लोक म्हणायचे, मॅडम किती वेळ, आणि मी मान वर न करता मोजत राहायचे. मला वाटायचं मी काळजी घेतेय. तीन आठवड्यांनी काकांनी मला जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "तीनदा मोजून एकदा तरी चूक सापडली का?"

नव्हती सापडली.

"सापडणार कशी? तुझं मोजणं चुकलंच नव्हतं. शंभर पानं शंभरच होती. तू चुकीच्या दाराला कुलपं लावतेयस."

त्या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. तीनदा मोजणं ही काळजी नव्हती, ती शिक्षा होती. मी रांगेसमोर रोज स्वतःला शिक्षा देत होते, आणि जिथून चूक झाली तो रस्ता तसाच उघडा होता. पाचशे आणि शंभराची पॅकेटं माझ्या एकाच ड्रॉवरमध्ये शेजारी, कडेवर उभी असायची. वरून बघितलं की सगळ्यांची पट्टी सारखीच.

त्या दिवसापासून शंभराची पॅकेटं उजव्या ड्रॉवरमध्ये गेली आणि पाचशेची डाव्या. पैसे काढायच्या आधी स्लिपेच्या मागे प्रकार लिहायचे, नंतर नाही, कारण नंतर लिहिताना आपण काय दिलं ते लिहीत नाही, काय द्यायचं होतं ते लिहितो. ५ मार्चला मी तेच केलं होतं. काचेखालून पॅकेट सरकवताना नोटेची दर्शनी बाजू समोरच्याकडे करायची आणि मोठ्याने म्हणायचं, हे पाचशेचं, हे शंभराचं. आणि दीड वाजता, रांग कितीही असो, पाच मिनिटं काउंटर थांबवून अर्ध्या दिवसाची कॅश जुळवायची. तेव्हा कमी आली तर निम्मीच व्हाउचर्स बघायची असतात, आणि पैसे घेऊन गेलेला माणूस बहुतेक अजून गावातच असतो.

मोजणं पुन्हा एकदाच झालं. हात लगेच थांबले नाहीत, पण मे महिन्यात कधीतरी थांबले.

त्याच्या आधी, एप्रिलच्या अखेरीस, एका संध्याकाळी कॅश दोन हजारांनी जास्त आली. कोणीतरी भरणा करताना एक नोट जास्त दिली होती. जास्तीची रक्कम त्याच दिवशी सस्पेन्स खात्यात, म्हणजे मालक सापडेपर्यंतच्या तात्पुरत्या खात्यात टाकायची असते, हे मला माहीत होतं. आणि तरी ती गुलाबी नोट हातात धरून मला वाटलं, चाळीस गेलेत माझे, दोन आले तर काय बिघडलं. इतक्या स्वच्छ आवाजात हे वाटलं की मी दचकले. लाजेच्या पोटात असा एक कडवट हिशेब असतो, जग माझं देणं लागतं असा. मी तिथून उठून आधी नोंद केली आणि मगच पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी बचत गटाच्या एक वहिनी आल्या, भीत भीत म्हणाल्या, काल आमची एक नोट जास्त तर आली नाही ना. त्यांच्या गटाच्या वहीत दोन हजार कमी पडत होते. रात्रभर झोपल्या नव्हत्या, हे मला त्यांच्या डोळ्यांकडे बघून सांगता आलं असतं.

आबांना मात्र मी सगळ्यांत शेवटी सांगितलं. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. मला बँकेत नोकरी लागली तेव्हा त्यांनी डेपोत पेढे वाटले होते, 'आमची पोर कॅशवर बसते' हे त्यांचं आवडतं वाक्य. मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा रात्री जेवताना सांगितलं. आई हातातला घास तसाच धरून बसली. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"सायबांना लगेच सांगितलंस?"

"दहा मिनिटं गेली, आबा."

"दहा मिनिटांचं काय नाही." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "एकदा माझ्या बॅगेत तीनशेऐंशी कमी आले होते. तेव्हा पगार नऊशे होता. वेबिल भरायला डेपोत बसलो तर हात लिहीना. मी रातभर गाडीतच बसून राहिलो. सकाळी कॅशियरला सांगितलं."

एवढ्या वर्षांत हे त्यांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. आईनेही पहिल्यांदा ऐकलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग तिने काही न बोलता त्यांच्या ताटात आमटी वाढली.

बेदाणा व्यापाऱ्याचे दिवाणजी आजही येतात. बहुतेक शुक्रवारी, मजुरांच्या पगाराला. पहिले काही महिने त्यांना रांगेत बघितलं की माझ्या कपाळाची शीर उडायची. त्यांच्याकडेच पैसे गेले, याची मला रात्री खात्री असायची आणि सकाळी नसायची. कधी वाटायचं, त्यांनी न मोजताच वाटले असतील, कोणा मजुराच्या हाती पाचशेच्या नोटा गेल्या असतील आणि त्या घरी त्या रात्री कोणीतरी देवाला हात जोडले असतील. कधी वाटायचं, ते माझ्या डोळ्यांत बघत नाहीत. पण मी तरी कुठे त्यांच्या डोळ्यांत बघत होते. चाळीस हजार कुठे गेले हे मला कळलेलं नाही, आता कळणारही नाही.

परवाच्या शुक्रवारी ते आले. ऐंशी हजारांची स्लिप. मी मागे लिहिलं, पाचशेचं एक, शंभराची तीन. डावा ड्रॉवर उघडला, बंद केला, उजवा उघडला. "हे पाचशेचं," मी म्हणाले. "ही तीन शंभराची." त्यांनी मान हलवली, पॅकेटं एकेक करून उलटी-सुलटी बघितली आणि पिशवीत टाकली.

घड्याळात एक वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. मागच्या मावशींना मी म्हणाले, "दोन मिनिटं बसा, एवढं जुळवून घेते," आणि ड्रॉवर पुढे ओढला.